एका वर्षाच्या 34 बातम्या: लेखक-वर्ष सोडून तळटिपांकडे

जून 2023 मध्ये लिहायला घेतलेला प्रबंध मार्च 2024 मध्ये विभागात जमा झाला. विषय होता 1981 चे निपाणीचे तंबाखू आंदोलन आणि त्या काळातली वर्तमानपत्रे. पाने 158, तळटिपा 412, संदर्भसूची 19 पाने. लिहिण्यापेक्षा संदर्भांची चिंता जास्त वाटली आणि ती रास्तच होती. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या विषयावर मराठीतून लिहायचे म्हटले की मराठी, कन्नड आणि इंग्रजी साधने एकाच पानावर येतात, आणि तयार नमुने बहुतेक इंग्रजी प्रबंधांचे असतात. जे ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने लिहितो आहे.

विभागाच्या नियमावलीत संदर्भांबद्दल एकच ओळ होती: 'संदर्भ शास्त्रीय व एकसारख्या पद्धतीने द्यावेत.' पद्धत कोणती, ते नव्हते. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "कुठलीही घ्या, पण शेवटपर्यंत तीच ठेवा." संदर्भ कसे द्यावेत हे सांगणाऱ्या इंग्रजीतल्या शिकागो नियमपुस्तिकेत लेखक-वर्ष आणि तळटीप या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी दिलेल्या आहेत. लेखक-वर्ष पद्धतीत वाक्याच्या शेवटी कंसात आडनाव, वर्ष आणि पान येते. बाकी सगळा तपशील मागच्या सूचीत असतो. तळटीप पद्धतीत वाक्यावर फक्त अंक असतो, पूर्ण तपशील त्याच पानाच्या तळाशी मिळतो, आणि सूची वेगळी असतेच.

मी लेखक-वर्ष पद्धत घेतली. पहिले प्रकरण पूर्वसूरींच्या संशोधनावर होते, बहुतेक संदर्भ पुस्तकांचे आणि स्वाक्षरीच्या लेखांचे. 28 पाने तीन आठवड्यांत झाली आणि कंसांचा कुठेही त्रास झाला नाही. कोणी कधी काय म्हटले हेच त्या प्रकरणाचे सूत्र होते, त्यामुळे वाचताना वर्ष डोळ्यांसमोर असणे सोयीचेच होते.

दुसरे प्रकरण जुलैच्या मध्यावर सुरू झाले आणि तिथे गाडी अडली. आंदोलनाच्या बातम्या मार्च-एप्रिल 1981 मधल्या. बहुतेकांवर बातमीदाराचे नाव नाही, 'आमच्या वार्ताहराकडून' एवढेच. अशा वेळी लेखकाच्या जागी वर्तमानपत्राचे नाव घालतात, म्हणून कंस झाला (तरुण भारत 1981). पण माझ्याकडे एकूण 61 बातम्या होत्या आणि त्यातल्या 34 एकट्या 'तरुण भारत'च्या, सगळ्या त्याच वर्षातल्या. एकाच लेखकाचे एकाच वर्षातले लेखन वेगळे दाखवायला वर्षापुढे अक्षर लावतात. इंग्रजीत ती अक्षरे 26 आहेत. मराठीत तर कुणी अ, आ, इ, ई लावतो, कुणी अ, ब, क, ड. आणि ड नंतर कोणते अक्षर घ्यायचे हे ठरलेले नाही. कसेबसे केले, तरी वाचकाच्या हातात काय पडते? (तरुण भारत 1981फ). ही बातमी आंदोलनातल्या पोलीस गोळीबाराच्या आधीची की नंतरची, हे त्या कंसातून कळत नाही, आणि माझा सगळा युक्तिवाद कोणत्या दिवशी काय छापले गेले यावर उभा होता.

शिकागोत यावर एक पळवाट आहे. वर्तमानपत्राचा संदर्भ नाव आणि पूर्ण तारखेसह मजकुरातच द्यायचा आणि सूचीत तो घ्यायचाच नाही. एखाद्या प्रकरणात चार-पाच बातम्या असतील तर ती चांगली सोय आहे. माझ्या एका परिच्छेदात सहा बातम्या होत्या. कंसात (तरुण भारत, बेळगाव, 8 एप्रिल 1981, पृ. 1) असे सहा वेळा आले की वाक्य सापडेनासे होते. दोन दिवस तो परिच्छेद वेगवेगळ्या तऱ्हेने लिहून पाहिला. शेवटी नुसते कंस वगळून वाचला तेव्हा तो प्रथमच वाचनीय वाटला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी मोजणी केली. ती लिहायला बसण्याआधीच करायला हवी होती, म्हणून सविस्तर सांगतो. ज्या प्रकरणात मूळ साधने जास्त आहेत त्यातली सलग दहा पाने घ्यायची आणि प्रत्येक संदर्भावर पेन्सिलीने खूण करायची: ज्याला व्यक्ती-लेखक आणि निश्चित वर्ष दोन्ही आहेत त्याला बरोबर, नाही त्याला फुली. पहिल्या प्रकरणात 40 पैकी 36 बरोबर आले. दुसऱ्यात एकूण 74 संदर्भ निघाले. त्यात निनावी बातम्या 38, सरकारी कागद 9, मुलाखती 6, आणि लेखक-वर्ष दोन्ही असलेले फक्त 21. म्हणजे चारातल्या तिघांना मी ओढूनताणून लेखक पुरवत होतो.

बेळगाव जिल्ह्याच्या सरकारी कागदांत आणखी एक अडचण आहे. लेखक म्हणून सरकारचे नाव घालायचे, तर कोणते सरकार? 1 नोव्हेंबर 1956 पूर्वीचा कागद मुंबई सरकारचा. त्यानंतरचा म्हैसूर सरकारचा. 1 नोव्हेंबर 1973 ला राज्याचे नाव बदलले, तिथून पुढे कर्नाटक सरकार. एकाच जिल्ह्याच्या तंबाखूची आकडेवारी तीन लेखकांच्या नावावर तीन ठिकाणी विखुरते. सगळे 'कर्नाटक सरकार'खाली घातले तर 1950 च्या कागदावर त्या वेळी नसलेल्या सरकारचे नाव येते, आणि कुणी तो कागद शोधायला गेला तर चुकीच्या कपाटापाशी उभा राहतो. प्रसिद्ध करतेवेळी जे नाव होते तेच लिहायचे, हा नियम मी पाळला. सूचीत 'कर्नाटक सरकार' या नोंदीखाली 'नोव्हेंबर 1973 पूर्वीसाठी पाहा: म्हैसूर सरकार; नोव्हेंबर 1956 पूर्वीसाठी पाहा: मुंबई सरकार' अशी एक ओळ टाकली. लेखक-वर्ष पद्धतीत हा खुलासा वाचकाला मागे जाऊन शोधावा लागला असता. तळटिपेत तो पहिल्याच संदर्भाला जोडता आला.

तळटिपांच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती. मराठी आणि कन्नड वर्तमानपत्रांत एकाच घटनेचे आकडे जुळत नव्हते. कोणता आकडा का धरला हे सांगायला दोन-तीन वाक्ये लागतात, आणि ती कंसात मावत नाहीत. तळटिपांचा तोटाही सांगतो: त्याच मजकुराची पाने 11 ने वाढली. आणि लेख एखाद्या समाजशास्त्राच्या किंवा अर्थशास्त्राच्या नियतकालिकाला द्यायचा असेल आणि त्यांची मागणी लेखक-वर्षाची असेल, तर वाद न घालता तीच पद्धत वापरावी.

पद्धत बदलू का, असे विचारत मॅडमना मोजणीचा कागद आणि त्या सहा बातम्यांच्या परिच्छेदाची दोन्ही रूपे एकत्र पाठवली. उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्या काळात निर्णयांची वही केली, आणि पुढच्या सगळ्या कामात तिचाच आधार झाला. साधी शंभर पानी वही. प्रश्न पडला की डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर निर्णय आणि एक नमुना नोंद. एकूण 23 निर्णय झाले. महत्त्वाचे तेवढे देतो.

वर्तमानपत्राच्या नावापुढे शहर हवेच. बेळगावचा 'तरुण भारत' वेगळा, नागपूरचा वेगळा. आपल्या भागात ते कुणाला सांगावे लागत नाही, म्हणूनच लिहायचे राहून जाते.

प्रकाशनस्थळ पुस्तकावर छापले आहे तसेच लिहायचे. 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. त्यामुळे सूचीत बेळगाव आणि बेळगावी दोन्ही दिसतील आणि ते बरोबरच आहे. जुन्या पुस्तकावर नवे नाव चढवणे हा बदल ठरतो. माझ्या स्वतःच्या वाक्यांत मात्र सर्वत्र एकच रूप.

कन्नड ग्रंथांची नावे देवनागरीत उतरवून पुढे चौकटी कंसात मराठी अर्थ दिला. कन्नडमधला ऱ्हस्व 'ए' मराठीत वेगळा दाखवता येत नाही. तो नुसता 'ए' लिहायचा असे ठरवून टाकले, म्हणजे एकच शब्द दोन तऱ्हांनी येणार नाही. कन्नड लेखकांच्या नावात खूपदा पुढची आद्याक्षरे गावाची किंवा वडिलांच्या नावाची असतात आणि शेवटचे नाव हे त्या माणसाचे स्वतःचे नाव असते, आडनाव नसतेच. ते मराठी रीतीने उलटवायला काहीच नसते. चिकोडीच्या एका निवृत्त कन्नड शिक्षकांनी 19 नोंदी एका दुपारी तपासून दिल्या. त्यातल्या 5 मी चुकीच्या फोडल्या होत्या.

इंग्रजी पुस्तके रोमन लिपीतच, वेगळ्या यादीत ठेवली. लेखक-वर्षात हेच जाचक झाले होते: मजकुरात (कॅम्पबेल 1884), आणि सूचीत तेच नाव रोमन लिपीत, भलत्याच यादीत. शिवाय 1884 चे हे बेळगाव गॅझेटियर कुणी कॅम्पबेलच्या नावाखाली घालतो, कुणी 'गॅझेटियर' खाली, कुणी मुंबई सरकारखाली. माझ्याच तीन प्रकरणांत ते तीन जागी निघाले. संपादकाचे नाव आधी, मग ग्रंथाचे नाव आणि खंड 21, असा एकच साचा वहीत लिहून टाकला.

ऑक्टोबरमध्ये तळटिपांना होकार आला आणि सगळ्या नोंदी झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरायला सुरुवात केली. हे विनामूल्य आहे आणि वर्डमध्ये जोडले जाते. एकूण 287 नोंदी होत्या. रोज 25 भरायच्या ठरवल्या आणि दोन आठवड्यांत संपवल्या. भरताना ज्या चुका झाल्या त्या मराठी नावांना हटकून होणाऱ्या आहेत.

लेखकाच्या नावाला आडनाव आणि नाव असे दोन रकाने असतात. 'मुंबई सरकार' त्यात घातले की सूचीत 'सरकार, मुंबई' होऊन येते. त्या ओळीच्या कडेला एक लहान बटण आहे. ते दाबले की दोन रकान्यांचा एक होतो. सरकारे, समित्या आणि आडनाव नसलेली कन्नड नावे सगळी या एका रकान्यात भरायची.

दुसरी चूक जास्त फसवी. समजा एकच लेखक एका नोंदीत 'पाटील, रा. म.' आणि दुसरीत 'पाटील, रामचंद्र' असा भरला. यंत्राला ते दोन पाटील वाटतात. लेखक-वर्ष पद्धतीत ते दोघांना वेगळे ओळखू यावे म्हणून कंसात आद्याक्षरे घालू लागते, आणि बाकी कुठेच नसताना मध्येच (रा. म. पाटील 1985) असे दिसते. हे दिसले की झोटेरोतला संदर्भांचा आराखडा बिघडला असे वाटते. खरे कारण नोंदीत असते. तळटिपांत ही खूण इतकी ठळक नसते, पण सूचीत एकाच माणसाची पुस्तके तुटून पडतात. 'कऱ्हाडकर'सारख्या नावात आणखी पुढची गंमत होते: तो 'ऱ्ह' कळफलकावर दोन तऱ्हांनी टाइप होतो, पडद्यावर सारखाच दिसतो, आणि शोध घेतला की निम्म्याच नोंदी सापडतात. उपाय साधा: आडनाव एकदाच टाइप करायचे, नंतर प्रत्येक वेळी पहिल्या नोंदीतून उचलून चिकटवायचे.

तारखा मी फक्त 1981-04-08 अशा क्रमाने भरल्या. 8/4 लिहिले की आठ एप्रिल की चार ऑगस्ट हा घोळ कधीतरी होतोच. मुखपृष्ठावर शके 1846 असेल तर इसवी सन 1924-25 होतो. महिना माहीत नसेल तेव्हा दोन्ही वर्षे लिहिली आणि शके तसाच ठेवला.

नोव्हेंबरभर प्रकरणे तळटिपांत उतरवली. मजकुरात हाताने टाइप केलेले जुने कंस एकेक काढून त्या जागी संदर्भ घातला. 20 पानांना साधारण एक दिवस. पान क्रमांक आणि मागेपुढे लागणारे शब्द संदर्भाच्याच चौकटीतल्या `Page`, `Prefix`, `Suffix` या जागी भरायचे. बाहेर टाइप केलेले शब्द पुढे बदल करताना सुटून जातात.

'तत्रैव', म्हणजे 'वरच्याच टिपेतला संदर्भ', हे मी पूर्ण काढून टाकले, आणि त्याचे कारण एकाच ठिकाणी दिसले. कच्च्या मसुद्यात टीप 86 होती 'तरुण भारत (बेळगाव), 8 एप्रिल 1981, पृ. 1' आणि टीप 87 होती 'तत्रैव, पृ. 3'. नंतर दोन्हींच्या मध्ये एका कन्नड दैनिकाची टीप घातली. टिपांचे क्रमांक आपोआप सरकले, 87 ची 88 झाली, पण 'तत्रैव' हा शब्द हाताने लिहिलेला, तो तसाच राहिला आणि कन्नड दैनिकाकडे बोट दाखवू लागला. मराठी अवतरण कन्नड दैनिकाच्या नावावर चढले होते म्हणून तरी लक्षात आले. दोन्ही मराठी दैनिके असती तर ते छापून गेले असते. 2017 च्या सतराव्या आवृत्तीपासून शिकागोचाही कल या शब्दाऐवजी लघुरूपाकडेच आहे: पहिल्यांदा पूर्ण तपशील, पुढे आडनाव, नावातले दोन-तीन शब्द आणि पान. दोन शब्द जास्त लागतात, पण टीप कुठेही हलवली तरी खरीच राहते.

एक गोष्ट उशिरा कळली. सहा प्रकरणे सहा फायलींत होती, त्यामुळे प्रत्येकात पहिला संदर्भ पूर्ण येत होता. सगळी एकत्र जोडून `Refresh` दाबले तेव्हा फक्त प्रबंधातला पहिला पूर्ण राहिला, बाकी ठिकाणी लघुरूपे झाली. प्रत्येक प्रकरणात पूर्ण संदर्भ हवा असेल तर हे आधी ठरवावे लागते. मी लघुरूपे ठेवली, कारण सूची होतीच.

डिसेंबर तपासणीचा. त्यात दोन कामे सगळ्यात उपयोगी पडली. पहिले, झोटेरोतून `Export Library` ने सगळ्या नोंदी `CSV` स्वरूपात काढल्या आणि एक्सेलमध्ये एकेका रकान्यानुसार लावल्या. सूची लेखकानुसार वाचताना प्रकाशकाच्या नावातला फरक दिसत नाही, कारण दोन नोंदींत दहा पाने अंतर असते. प्रकाशकाच्या रकान्यानुसार लावले की 'कॉन्टिनेन्टल', 'काँटिनेंटल' आणि 'कॉंटिनेंटल' एकाखाली एक येतात. शहराचा रकाना, वर्षाचा रकाना असेच. रिकाम्या चौकटीही वर गोळा होतात. 14 नोंदींना प्रकाशकच नव्हता. एका संध्याकाळी 60 दुरुस्त्या झाल्या.

दुसरे काम कागदावरचे. सूची छापून घेतली आणि तळटिपा पहिल्यापासून वाचत प्रत्येक नोंदीवर टिक केली. तळटिपेत आहे पण सूचीत नाही असे 11 निघाले. ते सगळे घाईत हाताने टाइप केलेले होते. सूचीत आहे पण कुठेच वापरलेले नाही असे 7, ते काढले. बातम्या एकेक करून सूचीत घेतल्या नाहीत. वर्तमानपत्राचे नाव, शहर आणि पाहिलेला कालखंड एवढेच दिले. टिपेचा अंक पूर्णविरामानंतर यावा असे ठरले होते. ते तपासायला वर्डच्या शोध चौकटीत हे टाकले:

```
^f.
```

`^f` म्हणजे टिपेची खूण. तिच्यानंतर पूर्णविराम आलेल्या 38 जागा सापडल्या. स्वल्पविरामासाठीही तसेच केले.

जानेवारीत शेवटचा टप्पा. आराखडा इंग्रजीतला असल्याने मराठी नोंदींतही संपादक, खंड यांसाठी इंग्रजी संक्षेप येत होते. फाइलची प्रत वेगळी ठेवून मग `Unlink Citations` दाबले, म्हणजे सगळे साध्या मजकुरात बदलले, आणि फक्त मराठी-कन्नड यादीत 'संपा.', 'खंड', 'आवृ.' केले. हे उलटे फिरवता येत नाही, म्हणून ती वेगळी प्रत असायलाच हवी. त्यानंतर वर्णक्रम हाताने लावला. यंत्राने 'क्षीरसागर' क च्या खाली आणि 'ज्ञ'ची नावे ज च्या खाली ठेवली होती. मराठी वाचक ती ह आणि ळ नंतर शोधतो.

मॅडमनी फेब्रुवारीत सूची वाचून तीन दुरुस्त्या दिल्या, तिन्ही मुलाखतींच्या नोंदींत. ठिकाण होते, तारीख नव्हती. वहीत मुलाखतीचा साचा लिहायचाच राहिला होता. कॉलेज रोडवर तीन प्रती छापल्या: 474 पाने दोन रुपयांप्रमाणे 948 रुपये, बांधणीचे 750. छापण्याआधी पीडीएफ करून तीच छापायला दिली. दुकानातल्या संगणकावर वर्डची फाइल उघडली तेव्हा फाँट बदलून टीप 204 पुढच्या पानावर गेली होती.